दहा संच, चोवीस तास आणि शेवटचे ३९ डॉलर : युनिट कमिटमेंटच्या प्रकल्प नोंदी

उद्याच्या दिवसात कोणता वीजनिर्मिती संच कोणत्या तासाला चालू ठेवायचा आणि कोणता बंद करायचा, हे आदल्या दिवशी ठरवण्याच्या कामाला युनिट कमिटमेंट म्हणतात. भारतीय वीज ग्रीड संहिता २०२३ मध्ये या कामासाठी स्वतंत्र तरतूद आल्यानंतर आमच्या कामाच्या ठिकाणी त्याबद्दल बरेच बोलले जाऊ लागले, पण गणित स्वतः मांडून पाहिलेले आमच्यात कोणी नव्हते. म्हणून संध्याकाळच्या मोकळ्या वेळात मी हा प्रकल्प हाती घेतला. सर्व सॉफ्टवेअर मोफत असल्याने खर्च शून्य आला, मात्र दोन दिवसांत होईल असे वाटलेले काम तीन आठवडे चालले. ज्यांना हेच करायचे आहे, त्यांचा वेळ वाचावा यासाठी चुका जशा झाल्या तशा लिहीत आहे.

७ जून २०२५

प्रत्यक्ष संचांची आकडेवारी घेण्याचा मोह टाळला. उत्तर चुकले तर चूक आकड्यांची की माझ्या मांडणीची, हे कळायला मार्ग राहिला नसता. त्याऐवजी काझार्लिस, बाकिर्त्झिस आणि पेत्रिदिस या ग्रीक संशोधकांनी १९९६ मध्ये वापरलेली दहा संचांची प्रणाली घेतली. जगभरात हीच कसोटी म्हणून वापरली जाते. दिवसाचा एकूण खर्च कमीत कमी करणे हे उद्दिष्ट, आणि त्यांच्या जनुकीय शोधपद्धतीचे उत्तर ५,६५,८२५ डॉलर होते. पुढे इतरांनी ते कमी करत ५,६३,९३७.७ डॉलरपर्यंत आणले, आणि आज हेच सर्वोत्तम उत्तर मानले जाते. माझे लक्ष्य हाच आकडा.

```
#    Pmax Pmin  a     b      c       MU MD  hot   cold  CH init
1    455  150  1000  16.19  0.00048  8  8  4500   9000  5   8
2    455  150   970  17.26  0.00031  8  8  5000  10000  5   8
3    130   20   700  16.60  0.00200  5  5   550   1100  4  -5
4    130   20   680  16.50  0.00211  5  5   560   1120  4  -5
5    162   25   450  19.70  0.00398  6  6   900   1800  4  -6
6     80   20   370  22.26  0.00712  3  3   170    340  2  -3
7     85   25   480  27.74  0.00079  3  3   260    520  2  -3
8     55   10   660  25.92  0.00413  1  1    30     60  0  -1
9     55   10   665  27.27  0.00222  1  1    30     60  0  -1
10   55   10   670  27.79  0.00173  1  1    30     60  0  -1
D = [700,750,850,950,1000,1100,1150,1200,1300,1400,1450,1500,
     1400,1300,1200,1050,1000,1100,1200,1400,1300,1100,900,800]
```

`Pmax` आणि `Pmin` या संचाच्या कमाल आणि किमान मेगावॉटच्या मर्यादा, तर `D` म्हणजे तासवार मागणी. `P` मेगावॉट चालवणाऱ्या संचाचा तासाचा खर्च `a + b*P + c*P*P` इतका धरायचा. `MU` म्हणजे एकदा सुरू केल्यावर किमान किती तास चालवायचे आणि `MD` म्हणजे एकदा बंद केल्यावर किमान किती तास बंद ठेवायचे. `hot` म्हणजे अजून गरम असलेला संच सुरू करण्याचा खर्च, `cold` म्हणजे पूर्ण थंड झालेला संच सुरू करण्याचा, आणि `CH` म्हणजे किमान बंद वेळेनंतर आणखी किती तास संच गरम धरायचा. प्रत्येक तासाला चालू संचांची एकूण क्षमता मागणीपेक्षा दहा टक्के जास्त हवी, ही राखीव क्षमतेची अट. `init` या शेवटच्या रकान्यात दिवस सुरू होण्यापूर्वीची स्थिती आहे : अधिक चिन्ह असेल तर तितके तास चालू आणि उणे असेल तर तितके तास बंद.

८ जून

पायथनमधील पल्प या लायब्ररीत मांडणी केली. प्रत्येक संचासाठी, प्रत्येक तासाला तीन शून्य-एक चले घेतली : `u` म्हणजे चालू आहे का, `v` म्हणजे याच तासाला सुरू झाला का आणि `w` म्हणजे याच तासाला बंद झाला का. किमान वेळांच्या अटी अशा बसतात :

```
lpSum(v[i,s] for s in range(max(1,t-MU[i]+1), t+1)) <= u[i,t]
lpSum(w[i,s] for s in range(max(1,t-MD[i]+1), t+1)) <= 1-u[i,t]
```

अटी पाळून सर्वांत कमी खर्चाचे उत्तर शोधणाऱ्या सीबीसी या सॉल्व्हरने पाच-सात मिनिटांत उत्तर दिले ते ५,७४,४१६. लक्ष्यापेक्षा साडेदहा हजारांनी जास्त! सगळी संध्याकाळ किमान वेळांच्या अटी तपासण्यात गेली आणि त्या बरोबर निघाल्या.

चूक भलतीकडेच होती. खर्चाचे दोन भाग करून तक्ता छापला, तेव्हा पहिल्याच तासाला ९,५०० डॉलरचा सुरुवातीचा खर्च दिसला. `init` वाचताना मी सोयीसाठी `abs()` लावले होते, त्यामुळे आठ तासांपासून चालू असलेले पहिले दोन्ही मोठे संच आठ तासांपासून बंद समजले गेले आणि मॉडेलने त्यांना नव्याने सुरू करण्याचे ४,५०० अधिक ५,००० मोजले. वेळापत्रकात काहीच विचित्र नव्हते, कारण ते दोन संच तसेही दिवसभर चालतात. म्हणून इंधनाचा खर्च आणि सुरुवातीचा खर्च हे दोन्ही तासवार वेगळे छापायची सवय पहिल्या दिवसापासून ठेवावी. दुरुस्तीनंतर उत्तर ५,६४,९१६ आले.

११ जून

उरलेल्या ९८० डॉलरचा दोष मी खर्चाच्या वक्रावर टाकला आणि तीन संध्याकाळी वाया घालवल्या. सॉल्व्हरला वर्ग असलेले सूत्र चालत नसल्याने वक्राचे सरळ तुकडे करावे लागतात. मी चार तुकडे केले होते. त्यांचे दहा केले, मग वीस केले. सॉल्व्हर रेंगाळू लागला आणि उत्तर जागचे हलले नाही.

शेवटी कागदावर प्रत्येक संचाचा पुढच्या एका मेगावॉटचा खर्च काढला. पहिला, तिसरा आणि चौथा संच १७.१२ डॉलरच्या आत राहतात. दुसरा १७.३५ ते १७.५४ मध्ये, पाचवा १९.९ ते २१ मध्ये आणि सहावा २२.५ ते २३.४ मध्ये फिरतो. म्हणजे जे संच एकमेकांच्या जागी येऊ शकतात, त्यांचे पट्टे एकमेकांना शिवतच नाहीत. कोणते संच चालू आहेत हे एकदा ठरले की वाटणी ठरलेलीच : स्वस्त संच भरत जायचे आणि उरलेले पुढच्यावर टाकायचे. वक्र इतके सपाट असताना तुकडे वाढवून काही साधत नाही. चार तुकड्यांवर परत आलो आणि सॉल्व्हरने दिलेले वेळापत्रक खऱ्या वर्गसूत्रात घालून खर्च पुन्हा मोजणारे छोटे फंक्शन लिहिले. पुढील सर्व आकडे त्याच फंक्शनचे आहेत.

१४ जून

९८० चा उलगडा चौथ्या संचाने केला.

सर्वोत्तम उत्तराच्या प्रसिद्ध झालेल्या वेळापत्रकात चौथा संच पाचव्या तासाला सुरू होतो, माझ्या वेळापत्रकात तो चौथ्याच तासाला सुरू होत होता. त्या तासाला त्याची गरज नाही. मागणी ९५० आहे, राखीव धरून १,०४५ हवेत आणि पहिला, दुसरा व पाचवा मिळून १,०७२ होतात. हिशेब केला तर त्याला एक तास आधी लावल्याने इंधनाचा खर्च ५४८ डॉलरने वाढत होता. मॉडेल असा खर्च विनाकारण करत नाही. ५४८ देऊन ते ५४८ पेक्षा मोठे काहीतरी वाचवत असणार, आणि चौथ्या संचाच्या हॉट स्टार्ट व कोल्ड स्टार्टमधला फरक बरोबर ५६० आहे.

नियम असा आहे : संच `MD + CH` तासांपर्यंत बंद असेल तर हॉट स्टार्ट, त्याहून जास्त असेल तर कोल्ड स्टार्ट. चौथ्यासाठी ही मर्यादा ५ अधिक ४, म्हणजे ९ तास. दिवसाच्या आधीचे ५ आणि दिवसातले पहिले ४ धरून पाचव्या तासाला तो नेमका ९ तास बंद असतो, म्हणजे काठावर, पण हॉटच. माझ्या कोडमध्ये हॉट स्टार्टच्या `h` या चलासाठी ही ओळ होती :

```
h[i,t] <= lpSum(w[i,t-k] for k in range(MD[i], MD[i]+CH[i]))
```

पायथनचा `range` शेवटचा आकडा सोडून देतो, त्यामुळे माझी मर्यादा ९ ऐवजी ८ झाली होती. `MD[i]+CH[i]+1` लिहायला हवे होते. (`w` मध्ये दिवसाआधीचे बंद होणेही ऋण क्रमांकाच्या तासांत भरलेले आहे, म्हणून हीच एक ओळ पुरते.) याच चुकीने संध्याकाळी सहावा आणि सातवा संचही कोल्ड धरले जात होते. ते चौदाव्या तासानंतर बंद होऊन विसाव्याला परत येतात, म्हणजे पाच तास बंद, आणि त्यांची मर्यादा ३ अधिक २. पुन्हा काठावर. ज्याने ही आकडेवारी रचली त्याने या जागा मुद्दाम ठेवल्या की आपोआप आल्या कोण जाणे, पण एकाच दिवसात तीन संच बरोबर मर्यादेवर उभे आहेत.

दुरुस्ती केली. वीज गेल्याने सॉल्व्हर मध्येच बंद पडला, तोवर रात्रीचे अकरा वाजले होते.

१५ जून

सीबीसीची वाट पाहण्याचा कंटाळा आला, म्हणून मॉडेल `uc.mps` या फाइलमध्ये लिहून हायस या सॉल्व्हरला दिले. त्याने काही सेकंदांत उत्तर दिले : ५,६३,९७७.० डॉलर. लक्ष्यापेक्षा ३९.३ ने जास्त.

हा आकडा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. शोधल्यावर दिसले की या प्रणालीवर काम केलेल्या अनेकांनी नेमका ५,६३,९७७ हाच आकडा आपले सर्वोत्तम उत्तर म्हणून दिला आहे. म्हणजे माझी चूक एकट्याची नव्हती, आणि ती आकडेमोडीतली किरकोळ तफावतही नसावी.

दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवली. फरक फक्त तेविसाव्या तासात आहे. मागणी ९०० आणि राखीव धरून ९९० हवेत. पहिले दोन संच मिळून ९१०, म्हणजे आणखी ८० हवेत. एक पर्याय पाचवा संच २५ मेगावॉटवर चालू ठेवण्याचा, त्याने त्या तासाचा खर्च १७,६८४.७ होतो. दुसरा पर्याय सहावा संच २० मेगावॉटवर ठेवण्याचा, त्याने खर्च १७,६४५.४ होतो. फरक ३९.३.

हायस दुसऱ्या पर्यायापर्यंत का पोचला नाही, हे त्याच्या नोंदीतच लिहिलेले होते, मी वाचले नव्हते. उत्तर आणि सैद्धांतिक तळ यांतील अंतर ०.०१ टक्क्याच्या आत आले की तो थांबतो, ही त्याची मूळ ठेवण आहे. साडेपाच लाखांवर ०.०१ टक्का म्हणजे ५६ डॉलर, आणि ३९ त्यात आरामात बसतात. त्याच्या दृष्टीने काम पूर्ण झाले होते.

```
# opt.txt
mip_rel_gap = 0

highs --options_file=opt.txt uc.mps
```

यानंतर ५,६३,९३७.७ आले. रोजच्या कामात ०.०१ टक्क्याचे अंतर कोणीही खुशाल सोडेल. पण कसोटीच्या आकड्याशी ताळा करताना ही ठेवण आधी बदलली नाही, तर माणूस नसलेली चूक शोधत बसतो.

१८ जून

लक्ष्य गाठले तरी आनंद फार टिकला नाही. सॉल्व्हरवर विसंबू नये म्हणून सर्व अटी स्वतंत्रपणे तपासणारे फंक्शन लिहिले, आणि त्याने बरोबर उत्तरच नापास केले : तेविसाव्या तासाला राखीव क्षमता अपुरी.

पहिला, दुसरा आणि सहावा यांची बेरीज ४५५ + ४५५ + ८० = ९९०. हवे तेवढेच आहेत, एकही कमी नाही. मग पायथनला विचारले :

```
>>> 1.1*900
990.0000000000001
```

संगणकात १.१ हा आकडा नेमका साठवता येत नाही, तो केसभर जास्त साठतो, आणि ९०० ने गुणल्यावर ते जास्तीचे दिसू लागते. सॉल्व्हर स्वतः थोडी ढील देतो म्हणून त्याला अडचण आली नाही, पण माझ्या सरळ `>=` ने पर्याय फेटाळला. अटीच्या उजवीकडे `- 1e-6` लावून प्रश्न मिटला.

ज्यांनी सॉल्व्हर न वापरता स्वतःची शोधपद्धत लिहिली आहे, त्यांनी हे आवर्जून पाहावे. अशी तपासणी शोधाच्या आतच बसवलेली असेल, तर सहाव्या संचाचा पर्याय कधी विचारातच घेतला जाणार नाही आणि उत्तर ५,६३,९७७ वर अडकेल. दिवसाच्या चोवीस तासांत राखीव क्षमता अगदी बरोबरीत असलेला हा एकच तास आहे.

२१ जून

आमच्याकडे भार प्रेषण केंद्रात बरीच वर्षे काम केलेले एक ज्येष्ठ सहकारी आहेत. त्यांना वेळापत्रक दाखवले. त्यांनी बाविसाव्या तासावर बोट ठेवले. "अहो, तिसरा-चौथा इतके स्वस्त संच असताना ते उतरवून हे सहावा-सातवा महागाचे कशाला चालवताय?"

प्रश्न रास्त होता. त्या तासाला मागणी १,१००. अठराव्या तासालाही ती १,१०० च असते आणि तेव्हा पहिले पाच संच २२,३८७ डॉलरमध्ये काम भागवतात. बाविसाव्या तासाला मात्र पहिला, दुसरा, पाचवा, सहावा, सातवा मिळून २२,७३६ लागतात. मॉडेल जाणूनबुजून ३४९ जास्त देत आहे.

कारण दोन तास आधी घडलेले आहे. विसाव्या तासाला मागणी एकदम १,४०० वर जाते, राखीव धरून १,५४०. पहिल्या पाच संचांची क्षमता १,३३२, म्हणून सहावा, सातवा आणि आठवा सुरू करावे लागतात. आठवा दुसऱ्याच तासाला बंद करता येतो. सहाव्या-सातव्याची किमान चालू वेळ तीन तास, म्हणून विसावा, एकविसावा आणि बाविसावा हे तिन्ही तास त्यांना चालवणे भाग आहे. बाविसाव्याला ते तसेही उभे आहेत, मग त्यांची १६५ मेगावॉटची क्षमता राखीव म्हणून मोजली जाणारच. आता पहिला, दुसरा, सहावा आणि सातवा मिळून १,०७५ होतात, हवे १,२१०. तिसरा जोडला तर १,२०५ होतात, पाच मेगावॉट कमी पडतात! तिसरा आणि चौथा दोन्ही जोडले तर खर्च २३,०८५. एकटा पाचवा जोडला तर क्षमता १,२३७ आणि खर्च २२,७३६. म्हणून स्वस्त जोडी उतरते.

त्यांना हे समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे शिफ्टच्या चार्टवर नुसता तो तास बघून काही कळणार नाही." मलाही हे सुटे सुटे तास पाहून कळले नव्हते. सहा-सात तासांच्या पट्टीवर संचांच्या आडव्या रेघा काढल्या, तेव्हा दिसले.

याच जागी एक इशारा मिळतो. `MU` च्या अटीत `t-MU[i]+1` ऐवजी `t-MU[i]+2` लिहून पाहिले, म्हणजे किमान चालू वेळ एका तासाने कमी केली. सातवा संच दोन तासांतच सुटला आणि एकूण खर्च ५,६३,९३७.७ च्या सुमारे ४६० खाली गेला. सर्वमान्य उत्तरापेक्षा कमी खर्च दिसला, तर शोधनिबंध लिहायला बसण्याआधी हीच ओळ पाहावी.

२२ जून

सहकाऱ्यांचा दुसरा प्रश्न दुपारच्या घसरणीचा होता. सोळाव्या आणि सतराव्या तासाला मागणी १,०५० आणि १,००० वर येते, तरी पाचही संच चालू राहतात. त्यातला तिसरा दोन तास काढून ठेवला, तर उरलेल्या चौघांची क्षमता १,२०२ राहते आणि ती दोन्ही तासांना पुरते.

हाताने मोजले. तिसऱ्याचे १३० मेगावॉट दुसऱ्यावर टाकले, तर सोळाव्या तासाला ६१८ आणि सतराव्याला ६२२ वाचतात. एकूण १,२४०. अठराव्याला १,२१० हवेत, म्हणजे १,२०२ ला आठ कमी, म्हणून तिसरा परत आणावा लागतो आणि हॉट स्टार्टचे ५५० जातात. तरी ६९० चा फायदा. तो मिळत नाही, कारण तिसऱ्याची किमान बंद वेळ पाच तास आहे आणि खळगा दोनच तासांचा.

ही अट नसती तर खरेच ६९० मिळाले असते का, हे पाहण्यासाठी फक्त तिसऱ्या संचाची बंद वेळ एक तास करून मॉडेल पुन्हा चालवले. संच अपेक्षेप्रमाणे सोळा-सतराला बंद झाला, पण फायदा दिसला सुमारे ४२०. उरलेले २७० कुठे गेले हे शोधायला अर्धा तास लागला. अठराव्या तासाला नव्याने सुरू झालेल्या तिसऱ्यावर पाच तासांची किमान चालू वेळ नव्याने लागू होते, म्हणजे तो बाविसाव्या तासापर्यंत बांधला जातो. कालच पाहिले की बाविसाव्याला तो असून पाच मेगावॉट कमीच पडतात. त्यामुळे पाचवाही २५ मेगावॉटवर ठेवावा लागतो आणि त्या तासाचा खर्च २३,००७ होतो, म्हणजे २७१ जास्त. दुपारी केलेल्या बचतीचा काही भाग रात्री दहाला परत द्यावा लागतो.

इथे आपल्याकडचा फरक लक्षात ठेवावा. या आकडेवारीत तिसरा संच १३० पैकी २० मेगावॉटपर्यंत, म्हणजे १५ टक्क्यांवर उतरू शकतो. आपल्या ग्रीड संहितेत कोळशाच्या संचांसाठी तांत्रिक किमान ५५ टक्के धरले जाते. भर दुपारी सौरऊर्जेमुळे खळगा पडतो तेव्हा संच बंद करता येत नाही आणि ५५ टक्क्यांखालीही नेता येत नाही. ती अडचण या दहा संचांत फारशी जाणवत नाही. `Pmin` बदलून स्वतः पाहिल्याशिवाय इथले निष्कर्ष तिकडे नेऊ नयेत.

२९ जून

आज हाच दिवस लागोपाठ दोनदा चालवायचा होता : पहिल्या दिवसाची शेवटची स्थिती दुसऱ्या दिवसाचा `init`. मागणी तीच, संच तेच, म्हणून उत्तरही जवळपास तेच येईल असे वाटले होते. माझ्या कोडने तसेच दिलेही, आणि ते चूक होते.

पहिला दिवस संपताना पाचवा संच दोनच तास बंद असतो, तेविसावा आणि चोविसावा. त्याची किमान बंद वेळ सहा तास, म्हणजे दुसऱ्या दिवशी पाचव्या तासाआधी तो सुरू करता येत नाही. माझ्या वेळापत्रकात तो दुसऱ्या दिवशीही तिसऱ्याच तासाला चालू होता. `range(max(1, ...))` मुळे माझी अट पहिल्या तासाच्या मागे पाहतच नव्हती.

इतके दिवस हे का लक्षात आले नाही, ते वरच्या तक्त्यातच आहे. बंद असलेल्या प्रत्येक संचाचा `init` त्याच्या `MD` इतकाच आहे आणि चालू असलेल्या दोघांचा `MU` इतका. कोणाचेच आदल्या दिवशीचे देणे बाकी नाही. म्हणून ही अट पूर्णपणे विसरली, तरी या कसोटीचे उत्तर बिनचूक येते. आदल्या दिवसाचे उरलेले तास असे बांधले :

```
if init[i] < 0:
    for t in range(1, MD[i] + init[i] + 1): m += u[i,t] == 0
else:
    for t in range(1, MU[i] - init[i] + 1): m += u[i,t] == 1
```

आता दुसऱ्या दिवसाची सकाळ बदलली. तिसऱ्या तासाला ९३५ हवेत आणि पहिले दोन संच ९१० देतात, पण पाचवा मिळत नाही. बाविसाव्या तासापासून बंद असलेल्या तिसऱ्या आणि चौथ्याचे पाच तास मात्र तेवढ्यात पूर्ण होतात, म्हणून त्यांना लावता येते. चौथ्या तासाला १,०४५ हवेत, आणि पहिले दोन अधिक त्यांपैकी एक मिळून १,०४० होतात. पुन्हा पाच मेगावॉट कमी, म्हणून आणखी एक संच लागतो. रात्री पाचवा उतरवताना मॉडेलला ही सकाळ माहीतच नव्हती, कारण त्याचा दिवस चोविसाव्या तासाला संपत होता.

मॉडेल आता ४८ तासांचे केले आहे : दोन दिवसांची मागणी एकत्र द्यायची, उत्तरातले पहिले चोवीस तास ठेवायचे, पुढचे टाकून द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी ताज्या `init` सह पुन्हा चालवायचे. चलांची संख्या दुप्पट झाल्याने `mip_rel_gap` शून्यावरून पुन्हा `1e-4` वर नेला आहे.